पाच बाय पाचचा लाइट्स आउट: कोणती मांडणी सुटते आणि ती सोडवायची कशी

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी लाइट्स आउटचा ५×५ बोर्ड केलाय. २५ एलईडी, २५ पुश बटणं, आत अर्डुइनो उनो. बटण दाबलं की तो दिवा आणि त्याच्या वर, खाली, डावी-उजवीकडचे दिवे उलटे होतात. सुरुवातीला दिवे रँडम लागतात. पण बऱ्याचदा शेवटी एक-दोन दिवे उरतात आणि काही केल्या विझत नाहीत. वायरिंग चुकलंय की कोड? मॅट्रिक्स वापरून हे सोडवता येतं म्हणतात, ते नेमकं कसं? मुलांना समजावता येईल असं सांगा.

उत्तर:

सोल्डरिंग गन बाजूला ठेवा. आधी कोडमधली दिवे रँडम लावणारी ओळ बदला. २५ दिव्यांच्या एकूण मांडण्या होतात २ चा २५ वा घात, म्हणजे ३,३५,५४,४३२. त्यातल्या फक्त ८३,८८,६०८ विझवता येतात, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे रँडम लावला, तर सरासरी चारपैकी तीन वेळा तुम्ही पाहुण्यांच्या हातात न सुटणारं कोडं देताय. त्यात ना मुलांची चूक, ना वायरची.

मुलांना समजावताना सुरुवात जिन्यातल्या दिव्यापासून करा. खाली एक बटण, वर एक बटण, दिवा एकच. कोणतंही बटण दोनदा दाबलं तर न दाबल्यासारखंच, आणि आधी खालचं दाबलं की वरचं याने काही फरक पडत नाही. लाइट्स आउटमध्येही हेच दोन नियम आहेत. म्हणून कोणत्या क्रमाने दाबलं हे विसरायचं आणि किती वेळा दाबलं हेही विसरायचं. प्रत्येक बटणाबाबत एवढंच विचारायचं की ते विषम वेळा दाबलं (१) की सम वेळा (०). अशी २५ अज्ञातं झाली.

आता समीकरणं दिव्यांकडून येतात. जो दिवा लागलेला आहे त्यावर परिणाम करणाऱ्या बटणांची बेरीज विषम हवी, जो विझलेला आहे त्याच्यासाठी ती सम हवी. डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या दिव्यावर तीनच बटणांचा परिणाम होतो: तो स्वतः, त्याच्या उजवीकडचं आणि त्याच्या खालचं. त्याचं समीकरण असं:

```
x11 + x12 + x21 = b11   (mod 2)
```

`b11` म्हणजे तो दिवा सुरुवातीला लागलेला (१) की विझलेला (०). असे २५ दिवे, २५ समीकरणं. कोणत्या दिव्यावर कोणत्या बटणाचा परिणाम होतो याचा ०-१ चा २५×२५ तक्ता म्हणजेच मॅट्रिक्स. शाळेत मुलं एकसामयिक समीकरणं शिकतात, ती हीच. फक्त चलं दोनाऐवजी पंचवीस आणि हिशोब असा की १ + १ = ०, यालाच मोड दोन म्हणतात. या हिशोबात वजाबाकी आणि बेरीज एकच असते, त्यामुळे चलाचा लोप करताना चिन्हांचा घोळ होतच नाही. हातचा नाही, अपूर्णांक नाही.

चतुर्थांश कुठून आला

२५ समीकरणं आणि २५ चलं असली की एकच उत्तर निघेल असं वाटतं. पण त्यासाठी सगळी समीकरणं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. ५×५ मध्ये फक्त २३ स्वतंत्र आहेत, म्हणजे मॅट्रिक्सची रँक २३. उरलेली दोन आधीच्यांतूनच निघतात. याचं दिसणारं रूप म्हणजे पुढच्या दोन नक्ष्या. १ असेल ती बटणं दाबायची:

```
   क            ख
१ ० १ ० १    १ १ ० १ १
१ ० १ ० १    ० ० ० ० ०
० ० ० ० ०    १ १ ० १ १
१ ० १ ० १    ० ० ० ० ०
१ ० १ ० १    १ १ ० १ १
```

‘क’ मधली बाराही बटणं दाबली तर बोर्डवर काहीच बदल होत नाही. ‘ख’चंही तसंच. दोन्ही एकत्र केल्या (दोन्हीकडे १ असेल तिथे ०) की तिसरी अशीच नक्षी मिळते, तिच्यात १६ बटणं असतात. यांना आपण मूक नक्ष्या म्हणू. काहीच न दाबणं धरून अशा चार गोष्टी झाल्या, ज्यांचा परिणाम शून्य. म्हणून सुटणाऱ्या प्रत्येक मांडणीला नेमकी चार उत्तरं असतात, आणि बटणांचे २ चा २५ वा घात इतके संच चार-चारच्या गटांत वाटले गेल्यामुळे सुटणाऱ्या मांडण्या चौथा हिस्साच उरतात.

खरी उपयोगाची गोष्ट पुढे आहे. ह्याच नक्ष्या चाळणी म्हणूनही चालतात. ‘क’ नक्षीतल्या बारा जागांवर किती दिवे लागलेले आहेत ते मोजा. आता बोर्डवरचं कोणतंही बटण दाबून बघा: या बारा जागांपैकी सम संख्येनेच दिवे उलटतात. कोपऱ्यातलं बटण दाबलं तर तीन दिवे उलटतात, त्यातले ‘क’ मधले दोन (कोपरा आणि त्याच्या खालचा). मधोमधचं दाबलं तर पाच उलटतात, त्यातले ‘क’ मधले पुन्हा दोनच (वरचा आणि खालचा). बाकीची बटणं मुलांकडून तपासून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. याचा अर्थ ‘क’वरच्या लागलेल्या दिव्यांची संख्या सम असेल तर ती कायम सम राहते, विषम असेल तर कायम विषम. सगळे दिवे विझलेले म्हणजे शून्य, म्हणजे सम. तेव्हा सुरुवातीला विषम असेल, तर रात्रभर बसलं तरी बोर्ड विझणार नाही. ‘ख’साठीही हेच.

न दाबण्यासारखी नक्षी आणि तपासणीची नक्षी एकच निघाली, कारण मॅट्रिक्स सममित आहे: ‘अ’ बटण ‘ब’ दिव्याला उलटवत असेल तर ‘ब’ बटण ‘अ’ दिव्याला उलटवतंच. कोडं असं केलं की बटण फक्त उजवीकडचा दिवा उलटवेल, डावीकडचा नाही, तर हा योग राहत नाही आणि चाळणीच्या नक्ष्या वेगळ्या काढाव्या लागतात.

दोन्ही चाळण्यांतून सम आकडा आला की मांडणी नक्की सुटते. कारण दोन अटींनी मांडण्यांचे बरोबर चार सारखे हिस्से होतात, आणि सुटणाऱ्या मांडण्याही बरोबर एक चतुर्थांशच आहेत.

आता तुमचा शेवटी उरणारा तो एक दिवा. तो एकटा दिवा ‘क’ मध्येही नसेल आणि ‘ख’ मध्येही नसेल तरच विझतो. नक्ष्या एकावर एक ठेवून पाहिल्या तर अशा पाचच जागा सापडतात: मधोमधची, आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीतल्या दुसऱ्या-चौथ्या स्तंभाच्या चार. बाकीच्या वीस जागांपैकी कुठेही एकटा दिवा उरला, तर खेळ तिथेच थांबवा. कोपऱ्यात एकटा राहिलेला दिवा कधीच विझत नाही.

प्रत्यक्ष सोडवणं: एक दिवा

पंचवीस समीकरणं कागदावर मांडायची गरज नाही. एक गोष्ट लक्षात घ्या: पहिल्या ओळीतली बटणं ठरली की पुढचं सगळं आपोआप ठरतं. पहिल्या ओळीतला जो दिवा लागलेला राहील, तो आता फक्त त्याच्या बरोबर खालच्या बटणानेच विझवता येतो. म्हणून दुसऱ्या ओळीत काय दाबायचं ते ठरलं, तिच्यावरून तिसरी, असं शेवटपर्यंत. लोप पद्धतीत हेच घडतं, पंचवीस चलांची पाच होतात. याला खाली ढकलणं म्हणू.

उदाहरण म्हणून फक्त एक दिवा लागलेला घेऊ, दुसऱ्या ओळीत, दुसऱ्या स्तंभात. वरच्या यादीप्रमाणे तो विझणारा आहे.

पहिल्या फेरीत वरच्या ओळीत काहीच दाबू नका. तिथे दिवे नाहीत, म्हणून दुसऱ्या ओळीतही काही दाबायचं नाही. दुसऱ्या ओळीतला दुसरा दिवा विझवायला तिसऱ्या ओळीतलं दुसरं बटण दाबा. तिसरी ओळ १११०० झाली आणि चौथ्या ओळीत दुसरा दिवा लागला. आता चौथ्या ओळीतली पहिली तीन बटणं दाबा. तिसरी ओळ विझली, चौथ्या ओळीत फक्त चौथा दिवा उरला, आणि पाचव्या ओळीत १११०० लागले. तो चौथा दिवा विझवायला पाचव्या ओळीतलं चौथं बटण दाबा. शेवटची ओळ आता ११०११. खाली ढकलायला पुढे ओळच नाही. इथेच बहुतेक जण अडकतात.

आता विचारायचा प्रश्न लहान झालाय: वरच्या ओळीत काय दाबलं असतं तर तळात हे उरलं नसतं? रिकामा बोर्ड घ्या, वरच्या ओळीतलं एकच बटण दाबा, खाली ढकलत जा आणि तळात काय उरतं ते टिपा. पाच बटणांसाठी पाच वेळा. आरशातल्या सममितीमुळे खरं तर तीनदाच पुरतं:

```
वरचं बटण    तळात उरतं
   १         ० १ १ ० १
   २         १ १ १ ० ०
   ३         १ १ ० १ १
   ४         ० ० १ १ १
   ५         १ ० १ १ ०
```

दोन बटणं एकदम दाबली तर त्यांच्या ओळींची मोड दोन बेरीज होते, म्हणून या पाच ओळींवरून सगळं कळतं. आपल्याला हवंय ११०११, आणि ती तिसऱ्या बटणाचीच ओळ आहे. तेव्हा वरच्या ओळीतलं तिसरं बटण दाबा आणि पुन्हा पहिल्यापासून खाली ढकला. तळ कोरा निघतो. दोन्ही फेऱ्यांची बेरीज केली (दोनदा दाबलेलं गाळलं) तर पूर्ण उत्तर असं:

```
० ० १ ० ०
० १ १ १ ०
१ १ ० ० १
० १ ० ० १
० ० १ १ ०
```

अकरा बटणं, एका दिव्यासाठी. दोन-चार दाबण्यांत एक दिवा विझवू पाहणारा का रडकुंडीला येतो ते यावरून कळतं. मधला एखादा दिवा पडताळून पाहा: तिसऱ्या ओळीतला तिसरा. त्याच्यावर वरचं (१), डावीकडचं (१), आणि बाकी तीन शून्य. बेरीज दोन, सम, विझलेला होता तो विझलेलाच राहिला. दुसऱ्या ओळीतला दुसरा: तो स्वतः १, उजवीकडचा १, खालचा १. बेरीज तीन, विषम, लागलेला होता तो विझला.

वरच्या तक्त्यात पाच ओळी असल्या तरी स्वतंत्र तीनच आहेत. पहिली, तिसरी आणि पाचवी यांची बेरीज शून्य येते (‘क’ नक्षीची पहिली ओळ आठवा, १०१०१), आणि पहिली, दुसरी, चौथी, पाचवी यांचीही (‘ख’ची पहिली ओळ, ११०११). त्यामुळे तळात उरणाऱ्या ३१ प्रकारांपैकी फक्त सात सुटतात. पाच तक्त्यात आहेत. उरलेले दोन: १०००१ असेल तर वर १ आणि २ दाबा, ०१०१० असेल तर १ आणि ४. यापेक्षा वेगळं काही उरलं तर मांडणीच अशक्य आहे. एवढे सात प्रकार एका पुठ्ठ्यावर लिहून बोर्डाशेजारी लावले, तर प्रदर्शनाला येणारा कोणीही आपल्या हाताने कोडं सोडवू शकेल.

कमीत कमी दाबणी हवी असतील तर चारही उत्तरं काढून मोजायची: मिळालेल्या उत्तरात ‘क’ मिळवा, ‘ख’ मिळवा, दोन्ही मिळवा. वरच्या उदाहरणात चार उत्तरं ११, १५, १५ आणि ११ बटणांची निघतात. खाली ढकलून मिळालेलं उत्तर सर्वांत छोटं असेलच असं नाही, इथे ते योगायोगाने छोट्यांपैकी आहे. ५×५ मध्ये सुटणारी कोणतीही मांडणी जास्तीत जास्त १५ बटणांत विझते. पंचवीसही दिवे लावून सुरुवात केली तर चारही उत्तरं बरोबर १५ ची येतात, ती एकमेकांची आरशातली रूपं असतात.

कोडमध्ये काय बदलायचं

दिवे रँडम लावू नका, बटणं रँडम दाबा. सगळे विझलेल्या बोर्डवर प्रत्येक बटणासाठी छापा-काटा करा. जी मांडणी येईल ती सुटणारीच असेल, कारण तीच बटणं परत दाबली की ती विझते. शिवाय प्रत्येक सुटणाऱ्या मांडणीला चारच संच असल्यामुळे सगळ्यांची शक्यताही सारखी राहते.

```cpp
unsigned long mask(int i) {
  int r = i / 5, c = i % 5;
  unsigned long m = 1UL << i;
  if (r > 0) m |= 1UL << (i - 5);
  if (r < 4) m |= 1UL << (i + 5);
  if (c > 0) m |= 1UL << (i - 1);
  if (c < 4) m |= 1UL << (i + 1);
  return m;
}

unsigned long newBoard() {
  unsigned long b = 0;
  do {
    for (int i = 0; i < 25; i++)
      if (random(2)) b ^= mask(i);
  } while (b == 0);
  return b;
}
```

यात `1UL` महत्त्वाचं आहे. उनोवर `int` सोळा बिटांचा असतो, त्यामुळे नुसतं `1 << 20` लिहिलं तर चौथ्या ओळीपासून पुढचे दिवे गायब होतात किंवा भलतेच लागतात. वरच्या ओळी व्यवस्थित आणि खालच्या वेड्यासारख्या, असं दिसलं तर पहिला संशय इथे घ्या. `setup()` मध्ये `randomSeed(analogRead(A0))` टाका आणि A0 पिन मोकळी सोडा, नाहीतर वीज गेली-आली की दर वेळी तोच क्रम सुरू होतो आणि मुलं पहिली मांडणी पाठ करून बसतात.

वायरिंग खरंच चुकलं असेल तर

त्याची परीक्षाही मूक नक्षीच घेते. कोणत्याही मांडणीचा मोबाइलवर फोटो काढा, ‘क’ची बारा बटणं एकेकदा दाबा, फोटोशी ताडून पाहा. काही बदललं असेल तर दोष आहे. मग ‘ख’ची बारा. या दोन नक्ष्यांत मिळून वीस बटणं येतात. सुटलेली पाच म्हणजे वर सांगितलेल्या त्याच पाच जागा. ती एकेक दाबून बरोबर पाच दिवे उलटतात का ते मोजा.

नेहमी सापडणारी चूक कडेची असते. कोडमध्ये स्तंभ न तपासता नुसतं `i + 1` आणि `i - 1` उलटवलं, तर उजव्या कडेचं बटण पुढच्या ओळीतला डावा दिवाही उलटवतं, आणि उलटही. अशा बोर्डवर ‘क’ची परीक्षा घेतली तर बरोबर सहा दिवे बदललेले दिसतात: डाव्या कडेला दुसरी, तिसरी आणि पाचवी ओळ, उजव्या कडेला पहिली, तिसरी आणि चौथी. हे सहा दिसले की वायर तपासत बसायचं नाही, सरळ `if (c > 0)` आणि `if (c < 4)` पाहायचं.

बटणाचा थरथराट, ज्याला बाउन्स म्हणतात, ही वेगळी भानगड. एका दाबण्यात संपर्क दोनदा जुळला तर दिवे उलटून परत होते तसे होतात आणि बटण लागलंच नाही असं वाटतं. पंधरा-वीस मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचलं की प्रश्न मिटतो. पण यामुळे कोडं कधीच अशक्य होत नाही. जास्तीची दाबणी हीसुद्धा नियमातलीच दाबणी असते, त्यामुळे चाळणीचा सम आकडा समच राहतो. तेव्हा चाळणीवर विषम आकडा दिसला तर बाउन्सला दोष देऊ नका.

संगणकावर तपासताना एक खड्डा

बऱ्याच जणांचं पहिलं पाऊल म्हणजे पायथनमध्ये २५×२५ मॅट्रिक्स करून `np.linalg.matrix_rank` चालवणं. ५×५ बोर्डसाठी तिथेही २३ येतं, आणि माणूस निर्धास्त होतो. पण तो योगायोग आहे. ते फंक्शन नेहमीच्या संख्यांत हिशोब करतं, मोड दोनमध्ये नाही. ४×४ घेतलंत तर ते १४ सांगतं, मोड दोनमधली खरी रँक १२ आहे. ३×३ मध्ये `np.linalg.solve` उत्तर देतं, पण सप्तमांशांत, कारण तिथला निश्चयक −७ आहे. बटण दोन सप्तमांश दाबायचं कसं? −७ विषम असल्यामुळे मोड दोनमध्ये तीच मॅट्रिक्स व्यवस्थित सुटते. रँक हवी तर एवढं पुरे:

```python
def rank2(rows):
    rows, r = rows[:], 0
    while rows:
        p = rows.pop()
        if p:
            r += 1
            low = p & -p
            rows = [x ^ p if x & low else x for x in rows]
    return r
```

`rows` मध्ये प्रत्येक बटणाचा मास्क पूर्णांक म्हणून द्यायचा, वरच्या `mask` सारखाच. `^` म्हणजेच मोड दोनची बेरीज, आणि एका `^` मध्ये समीकरणाची अख्खी ओळ वजा होते.

बोर्डचा आकार बदलायचा विचार असेल तर हा आकडा आधी पाहा. ३×३, ६×६, ७×७ आणि ८×८ मध्ये समीकरणं पूर्ण स्वतंत्र आहेत, प्रत्येक मांडणी सुटते आणि उत्तर एकच असतं. ४×४ मध्ये सोळातली एकच मांडणी सुटते, ९×९ मध्ये २५६ मधली एक. आकार वाढला की अडचण वाढते असा नियम नाही, आकड्यावरून अंदाज बांधायला जाऊ नका. मात्र एक मांडणी कुठल्याही आकारात सुटतेच: सगळे दिवे लागलेले. हे क्लाउस सुटनर यांनी १९८९ मध्ये दाखवलं. ५×५ पुरतं त्याचं कारण तुमच्यासमोरच आहे: मूक नक्ष्यांत १२, १२ आणि १६ बटणं आहेत, सगळे आकडे सम, त्यामुळे सगळे दिवे लागलेले असले की चाळणी आपोआप पार होते. मोठ्या बोर्डवरही मूक नक्षीत बटणांची संख्या समच निघते.

पुढच्या वर्षी ६×६ करणार असाल तर दिवे खुशाल रँडम लावा, पण ३६ दिवे `unsigned long` च्या ३२ बिटांत मावणार नाहीत. `uint64_t` घ्या आणि `1UL` च्या जागी `1ULL` लिहा.